8, 17, 15 हा काटकोन त्रिकोण नाही? वर्कशीटची उत्तरं जरा तपासून द्याल का

सांगलीची_आई

नमस्कार. आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या क्लासमधून पायथागोरसच्या प्रमेयावर एक वर्कशीट आली आणि दोन दिवसांनी तिची छापील उत्तरंही आली. मुलीची उत्तरं आणि छापील उत्तरं काही ठिकाणी जुळत नाहीत आणि रात्रीपासून ती हिरमुसली आहे. माझं गणित दहावीनंतर सुटलं, म्हणून इथे टाकते. पहिल्या पाच प्रश्नांत त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्यात आणि तो काटकोन त्रिकोण आहे का, ते सांगायचं आहे.

1) 9, 40, 41. छापील उत्तर: आहे. मुलीचंही तेच.
2) 8, 17, 15. छापील उत्तर: नाही. मुलगी म्हणते आहे.
3) 7, √33, 4. छापील उत्तर: नाही. मुलीचंही नाही.
4) 5, 5, 7. छापील उत्तर: नाही. मुलीने काढून कोनमापकाने मोजला, 90 आला म्हणते.
5) 5, 12, 18. छापील उत्तर: नाही. मुलीचंही नाही.
6) यात आकृती आहे. △PQR मध्ये Q जवळ काटकोनाची चौकट काढली आहे. PQ = 26, QR = 24, तर PR किती? छापील उत्तर: 10. मुलीचं उत्तर येतच नाही, काहीतरी विचित्र मुळात अडकतं.

दुसऱ्या प्रश्नात छापील उत्तराखाली कृती दिली आहे ती अशी: 8² + 17² = 64 + 289 = 353 आणि 15² = 225, दोन्ही समान नाहीत, म्हणून काटकोन त्रिकोण नाही. मला यात चूक दिसत नाही, पण मुलगी ठाम आहे.

मिरज_जंक्शन

मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून लिहितो. छापील कृती बरोबरच आहे काकू. सूत्र a² + b² = c² असं आहे, आणि बाजू ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने a, b, c धरायच्या. 8, 17, 15 मध्ये c = 15. बसत नाही, विषय संपला. तिसऱ्यात मात्र गडबड वाटते, कारण मूळ चिन्हाखालची संख्या असली की तो बहुतेक वेळा कर्णच असतो. तो मधे लिहिलाय, म्हणजे शेवटी घ्यायला हवा. पण तरी 49 + 16 = 65, आणि 65 म्हणजे काही 33 नाही. म्हणजे नाहीच.

कृष्णाकाठचे_मास्तर

मिरजकर, तुमची बेरीज-गुणाकार चोख आहे, पण क्रमाचं धरलंत तिथे घसरलात. बाजू कोणत्या क्रमाने लिहिल्या हे त्रिकोणाला ठाऊक नसतं. 8, 15, 17 म्हणा नाहीतर 17, 8, 15, लाकडाच्या त्या तीन पट्ट्या जोडल्या की एकच त्रिकोण होतो. तो एका क्रमाने काटकोन आणि दुसऱ्या क्रमाने नाही, असं कसं होईल?

c हे अक्षर कर्णाला दिलेलं नाव आहे, यादीतल्या तिसऱ्या जागेला दिलेलं नाही. आणि काटकोन त्रिकोणात कर्ण ही सगळ्यात मोठी बाजू असते. म्हणून पडताळताना सगळ्यात मोठी बाजू एकटी एका बाजूला आणि उरलेल्या दोघी दुसऱ्या बाजूला. 17² = 289. 8² + 15² = 64 + 225 = 289. दुसरा प्रश्न काटकोन त्रिकोणाचाच आहे. मुलगी बरोबर, छापील उत्तर चूक. ताई, तिला आजच सांगा.

मी तालुक्याच्या गावात 31 वर्षं गणित शिकवलं. ही चूक दर वर्षी हमखास दिसायची, आणि ती ओळखायला एक सोपी खूण आहे. छापील कृतीतली 64 + 289 ही बेरीज बघा. तिच्या समोर 225 आहे. बेरीज करायच्या आधीच 289 हा एकटा 225 पेक्षा मोठा आहे. मग त्यात आणखी 64 मिळवून 225 येणार कुठून? बेरजेतला एखादा वर्ग समोरच्या वर्गापेक्षा एकटाच मोठा दिसला, की समजायचं, मोठी बाजू चुकीच्या जागी बसली आहे. पुढे बेरीज करूच नका, मागे जाऊन मांडणी बदला.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती ताईंच्या कामाची आहे. मोठी बाजू बेरजेत घातली तर बेरीज नेहमी समोरच्यापेक्षा जास्तच भरणार, समान कधीच होणार नाही. म्हणजे या चुकीमुळे काटकोन नसलेला त्रिकोण कधी 'आहे' ठरत नाही. उलट, खरा काटकोन त्रिकोण 'नाही' ठरतो. म्हणून अशा उत्तरपत्रिकेत पहिल्या प्रश्नासारख्या 'आहे' उत्तराबद्दल ही शंका नको. पुन्हा तपासायची ती 'नाही' वाली उत्तरं.

तासगाव_बागाईतदार

नमस्कार मास्तर. माझं जरा वेगळं हाय, पण विषय ह्योच म्हणून लिहितो. शेताच्या कडंला घर बांधतोय. 30 बाय 40 फुटाची आखणी केली. गवंडी म्हणतोय कोपरं काटकोनात हायेत. काल मी एका कोपऱ्यापास्नं समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका टेप लावला तर 51 फूट भरलं. 50 यायला पायजे का नको? का टेपच ढिला पडला म्हणायचा?

सांगलीची_आई

मास्तर, खूप धन्यवाद. मुलीला वाचून दाखवलं, ती लगेच तिसरा प्रश्न घेऊन बसली. पण तिथे तिचा गोंधळ असा आहे की 7, √33 आणि 4 यात मोठी बाजू कोणती, हे मुळाची किंमत काढल्याशिवाय कळणार कसं? तिला वाटलं होतं 33 मोठा, म्हणून √33 मोठी. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो.

कृष्णाकाठचे_मास्तर

आधी बागाईतदारांना थोडं थांबायला सांगतो, तुमचा प्रश्न मनात आहे.

ताई, किंमत काढायची गरजच नाही. मोठी बाजू शोधून मग वर्ग करायचे, असं आपण पोरांना शिकवतो. मुळं आली की ते उलट करावं. आधी तिन्ही बाजूंचे वर्ग करायचे. 7 चा वर्ग 49, √33 चा वर्ग 33, 4 चा वर्ग 16. आता तीन साध्या पूर्ण संख्या समोर आल्या. बाजू धन असतात, म्हणून ज्याचा वर्ग मोठा तीच बाजू मोठी. 49 सगळ्यात मोठा, म्हणजे 7 हीच मोठी बाजू. आता 33 + 16 किती? 49. म्हणजे तिसराही काटकोन त्रिकोण आहे, आणि इथे छापील उत्तर आणि मुलगी दोघंही चुकले.

मिरजकरांनी मांडलेली 49 + 16 = 65 ही बेरीज परत बघा. समोर 33, आणि 49 एकटाच त्याच्यापेक्षा मोठा. तीच खूण. मुळाचं चिन्ह असलं की तो कर्ण, हा समज पोरांना 1, 1, √2 पासून चिकटतो, कारण सुरुवातीच्या बहुतेक उदाहरणांत मूळ कर्णावरच येतं. 4, 5, √41 घेतलं तर तिथे मूळच कर्ण आहे, कारण वर्ग 16, 25 आणि 41. पण ते वर्ग बघितल्यावर ठरतं, चिन्ह बघून नाही.

मिरज_जंक्शन

मान्य मास्तर. मी दोन वर्षं कॅल्क्युलेटरवर क्रमाने आकडे टाकत आलो आणि c म्हणजे शेवटचा हे डोक्यात बसलं होतं. काकू, मुलीची माफी सांगा.

चौथ्यावर मात्र मी छापील उत्तराच्या बाजूने आहे. 25 + 25 = 50 आणि 7² = 49. नाही म्हणजे नाही. कोनमापकाने 90 आला तर मोजण्यात चूक.

कृष्णाकाठचे_मास्तर

उत्तर बरोबर. पण मुलीची मोजणी अगदीच वाईट नव्हती, हेही तिला कळायला हवं. 50 आणि 49 मध्ये एवढा कमी फरक आहे की 7 च्या समोरचा कोन जवळजवळ 88.9 अंश येतो. पेन्सिलीची रेघ जाड, कोनमापकावर एका अंशाच्या खुणा, मग 89 आणि 90 मध्ये डोळा फसणारच. मोठ्या बाजूचा वर्ग बेरजेपेक्षा कमी पडला म्हणून कोन काटकोनापेक्षा किंचित लहान आहे, इतकंच.

तिला मोठा कागद देऊन तीच आकृती दहापट काढायला सांगा, 50 सेंमी, 50 सेंमी आणि 70 सेंमी. दोन बाजू 50 च्या आणि मधला कोन खरा काटकोन असता तर तिसरी 70.7 सेंमी भरली असती. तो 7 मिलिमीटरचा फरक पट्टीवर स्पष्ट दिसेल. काढून बघणं वाईट नाही, पण प्रश्नात आकडे दिलेत तर निकाल आकड्यांनीच द्यायचा.

सांगलीची_आई

मग पाचवा? 25 + 144 = 169 आणि 18² = 324. तिने मोठी बाजू बरोबर एकटी ठेवली आहे, उत्तर 'नाही' आलं. हे तरी बरोबर ना?

वाई_घाटावरून

मी गणिताची शिक्षिका नाही, बँकेत काम करते, पण हे वाचताना सहज बेरीज केली. 5 + 12 = 17, आणि तिसरी बाजू 18. दोन काड्या टोकाला टोक लावून सरळ ठेवल्या तरी 18 पर्यंत पोचत नाहीत. मग हा त्रिकोण होईलच कसा?

कृष्णाकाठचे_मास्तर

वाईच्या ताईंनी नेमकं पकडलं. 5, 12, 18 चा त्रिकोणच होत नाही. 13 च्या जागी 18 पडला असावा, कारण 5, 12, 13 हे प्रसिद्ध त्रिकुट आहे. पण ते माझं अनुमान झालं.

मिरज_जंक्शन

पण उत्तर 'नाही' च राहतं ना? जो त्रिकोणच नाही तो काटकोन त्रिकोणही नाही. गुण मिळायला हरकत नाही.

वाई_घाटावरून

मला ते पटत नाही. प्रश्नात 'या बाजू असलेला त्रिकोण' असं म्हटलंय. असा त्रिकोणच नसेल तर 'काटकोन नाही' म्हणणं म्हणजे तो दुसऱ्या कुठल्या प्रकारचा तरी आहे, असं सुचवणं. मुलीने 'त्रिकोणच होत नाही' असं लिहिलं तर तिला जास्त गुण मिळायला हवेत.

कृष्णाकाठचे_मास्तर

मी तपासत असतो तर दोन्हीला गुण दिले असते, आणि कारण लिहिणाऱ्याच्या वहीत शेजारी शाबास लिहिलं असतं. दुसरा तपासनीस काय करेल ते मी सांगू शकत नाही.

कवठ्याचा_गवंडी

तासगावच्या पाव्हण्याला कुणीच उत्तर देईना म्हणून मी देतो. 22 वर्षं बांधकाम करतोय. 30-40 ला तिरकं 50 च यायला पायजे. 51 म्हणजे त्या तिरक्यासमोरचा कोपरा फाकलाय. पण भाऊ, एकच तिरका मोजून थांबू नका. दुसराबी मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही तिरके सारखे आले तर कोपरे खरे. एक 51 आणि दुसरा 49 च्या आसपास आला तर बाजू बरोबर हायत पण सगळी आखणी एका अंगाला कलंडलीय. खुंट्या हलवल्या की जमतंय.

आणि गवंड्याला विचारा, 3-4-5 कसा लावला. एक पोरगं माझ्याकडं नवीन आलेलं, त्यानं एका दोरीवर 3 फुटाला खूण केली, दुसरीवर 5 फुटाला, आणि दोन्ही खुणांमध्ये टेप 4 ला ताणला. त्रिकोण काटकोनाचाच झाला की, पण काटकोन आला 3 आणि 4 जिथं भेटतात तिथं, घराच्या कोपऱ्यात नाही! कोपरा इतका बारीक झाला की लांबनंच दिसत होतं. 5 कधीच दोरीवर येत नाही. 3 आणि 4 दोऱ्यांवर, 5 समोर तिरका.

तासगाव_बागाईतदार

आत्ता दुसरा मोजून आलो. 49 फूट आणि अर्धा इंचभर कमी. म्हणजे कलंडलंय. फक्की मारली होती, पण पाया खणला नव्हता, ते नशीब. गवंड्याला उद्या सकाळी बोलावतो.

कृष्णाकाठचे_मास्तर

बागाईतदार, तुमचा आकडा हिशोबाच्या अगदी जवळ येतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की दोन्ही तिरक्यांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढी असते. इथे ती 5000. त्यातून 51 चा वर्ग 2601 वजा केला की 2399 उरतात, आणि त्याचं मूळ 49 ला थोडं कमी. तुमचा टेप ढिला नव्हता. 51 च्या तिरक्यासमोरचा कोपरा सुमारे 92.4 अंशांचा झालाय, म्हणून तो तिरका लांबला.

आणि कवठ्याच्या भाऊंनी सांगितलेली गोष्ट मी वर्गात वापरायला हवी होती. मी वर म्हणालो की क्रमाने काही फरक पडत नाही. 'काटकोन त्रिकोण आहे का' एवढंच विचारलं तर पडत नाही. पण 'काटकोन कुठे आहे' हे विचारलं तर सगळं मोठ्या बाजूच्या जागेवरच ठरतं. काटकोन नेहमी मोठ्या बाजूच्या समोर. △LMN मध्ये LM = 5, MN = 13, LN = 12 असेल तर मोठी बाजू MN, आणि तिच्या नावात नसलेलं अक्षर L, म्हणून काटकोन L जवळ. पोरांना हे नावातलं गाळलेलं अक्षर शोधायला सांगितलं की चूक होत नाही.

यावरूनच ताईंचा सहावा प्रश्न सुटतो. चौकट Q जवळ आहे, म्हणजे Q च्या समोरची PR हा कर्ण. मग PR ही तिघांत मोठी असायलाच हवी. छापील उत्तर म्हणतं PR = 10, आणि बाजू 26 आणि 24. कर्ण सगळ्यात लहान? इथेच उत्तर बाद. छापणाऱ्याने 26² − 24² = 676 − 576 = 100 केलं, म्हणजे त्याने 26 ला कर्ण धरलं. पण आकृतीत 26 ही काटकोन करणारी बाजू आहे.

सांगलीची_आई

मुलीचं उत्तर √1252 येत होतं, म्हणून तिने खोडलं!

कृष्णाकाठचे_मास्तर

खोडायला नको होतं. 676 + 576 = 1252, त्याचं मूळ 2√313, साधारण 35.4. 26 पेक्षा मोठं आहे, म्हणजे कर्ण म्हणून शोभतं. आकृती आहे तशी धरली तर हेच उत्तर. 10 हे उत्तर हवं असेल तर चौकट R जवळ पाहिजे होती.

मिरज_जंक्शन

पण 10, 24, 26 म्हणजे 5, 12, 13 ची दुप्पट. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात 10 च होतं हे उघड आहे. परीक्षेत असं आलं तर मी 10 लिहीन.

वाई_घाटावरून

मनातलं कसं ओळखायचं? मी आकृतीप्रमाणेच लिहीन, आणि खाली एक ओळ लिहीन की चौकट R जवळ असेल तर 10.

कवठ्याचा_गवंडी

नकाशात चौकट चुकली तर आम्ही साहेबाला फोन करतो, अंदाजानं बांधत नाही.

सांगलीची_आई

उद्या क्लासमध्ये आकृती घेऊन जाते. एक शेवटचं. दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटी मुलीने 'पायथागोरसच्या प्रमेयानुसार काटकोन त्रिकोण आहे' असं लिहिलंय. बाईंनी मागे कधीतरी यावर अर्धा गुण कापला होता. काय लिहायचं?

कृष्णाकाठचे_मास्तर

'पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासानुसार' असं लिहायचं. प्रमेय काटकोनापासून सुरू होतं आणि वर्गांच्या नात्याकडे जातं. इथे आपण वर्गांपासून सुरू करून काटकोनाकडे चाललोय, ती उलटी वाट व्यत्यासाची. युक्लिडने पहिल्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या सिद्ध केल्या, 47 वं आणि 48 वं विधान. सहाव्या प्रश्नात मात्र काटकोन दिलेला आहे, तिथे नुसतं 'प्रमेयानुसार' बरोबर.

मिरज_जंक्शन

इतक्यावरून गुण कापणं मला जास्त वाटतं. समजलंय हे दिसतंय ना.

कृष्णाकाठचे_मास्तर

वाटू द्या. मी कापायचो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या बाजूंच्या जोड्या दिल्यात, 3 आणि 4, 12 आणि 5, 15 आणि 8, 7 आणि 24. तिथे कर्ण लिहिलेलाच नाही, तो त्या दोघींतून निघतो, त्यामुळे मोठी बाजू चुकीच्या जागी पडायचा प्रश्नच येत नाही. ताई, तुमच्या मुलीचा दुसरा प्रश्न त्यातलीच 15 आणि 8 ची जोडी आहे.

सांगलीची_आई

तिला आत्ताच दाखवलं. √1252 ची खोडलेली ओळ तिने रबराने स्वच्छ करून परत लिहिली आहे. क्लासमध्ये काय म्हणतात ते उद्या संध्याकाळी इथे कळवते.

तासगाव_बागाईतदार

मीबी कळवतो. गवंडी सात वाजता येतोय, टेप माझाच वापरायचा असं सांगितलंय.